पीरमहंमदभाईंनी बसवलेलं झाकण

पीरमहंमद मोमीन आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा उंबरा ओलांडून सरळ जमिनीवर बसले. खुर्ची पुढे केली होती, तिच्याकडे बघितलंही नाही. मग हातापायांवर झाले आणि सोप्यातून माजघराकडे भिंतीच्या कडेकडेनं रांगत निघाले. पंचेचाळिशीचा, दाढी पिकत आलेला माणूस. आमचा तेरा महिन्यांचा सयाजी त्यांच्यामागून तसाच रांगू लागला आणि दोघांची ती वरात बघून माझी बायको चंद्रा पदर तोंडावर धरून हसायला लागली. मला मात्र हसू आलं नाही, मी चिडलो. मी जुना रेडिओ घेतला होता आणि तो जोडायला वायरमन बोलावला होता. तमाशा बघायला बोलावला नव्हता.

ही सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा सांगली संस्थानात मोजणी कारकून होतो. दिवसभर साखळी टाकून लोकांच्या बांधांची भांडणं ऐकायची आणि संध्याकाळी घरी येऊन आपण भांडायचं, असा माझा शिरस्ता. मला कुणी काही शिकवलेलं खपत नसे. त्यातून वायरमननं शिकवलेलं तर मुळीच नाही.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"तुमच्या पोराला काय काय दिसतं, ते बघतोय," ते जमिनीवरूनच म्हणाले. "उभ्यानं न्हाई दिसत. आमी सगळे उभ्यानं फिटिंग करतो, आन् पोरं रांगत्यात."

घराला वीज आधीच्या भाडेकरूनं घेतली होती. त्याला पोरंबाळं नव्हती. त्यानं हौसेनं सॉकेट जमिनीपासून वीतभर उंचीवर बसवून घेतले होते. टेबलाआड लपतात, भिंत सुंदर दिसते म्हणून. त्यांची भोकं अशी रुंद की सयाजीची करंगळी आरामात आत जावी. माजघरातल्या दिव्याच्या होल्डरला दुहेरी फाटा होता. एका फाट्यावर दिवा आणि दुसऱ्यावरून इस्त्रीची वायर खाली लोंबत असे, कारण माझ्या कोटाला रोज इस्त्री लागे. टेबलावरच्या दिव्याची वायर चार हात लांब. वरचं सुती वेष्टण एका जागी उसवून आतलं रबर दिसत होतं आणि रबराला भेगा पडल्या होत्या. हे सगळं मी रोज बघत होतो. पण बघत होतो म्हणजे काय, मला काहीच दिसत नव्हतं.

पीरमहंमदभाई उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "रेडिओ मागनं जोडतो. आधी हे."

"हे म्हणजे? सगळं घर नव्यानं करणार? ते परवडणारं नाही. आणि बाजारात वायर आहे कुठं?"

खरंच नव्हती. लढाई संपून वर्ष होत आलं तरी तांब्याची तार आणि रबर डोळ्यांनी दिसत नव्हतं. मला वाटलं, हा माणूस काम वाढवून सांगतोय. तसं मी तोंडावर म्हणालोही. मी त्यांना अरेतुरे करत नव्हतो, पण मनात करत होतो आणि ते त्यांना कळत होतं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "नवी वायर मिळत न्हाई, आन् लागतबी न्हाई. हाय तीच आखडायची. बसा तुमी."

त्यांनी मेन स्विचचा दांडा खाली ओढला, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकला आणि कामाला लागले. सोप्यातल्या सॉकेटची वायर छताकडून खाली आलेली होती. त्यांनी सॉकेट सोडवला, वायर लाकडी पट्टीतून मोकळी केली आणि सॉकेट माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर पुन्हा बसवला. वर घेताना वायर लागली नाहीच, उलट अडीच हात उरली. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती याचा मला आणखी राग आला.

होल्डरचा दुहेरी फाटा काढून त्यांनी चंद्राच्या हातात दिला. "ह्यो चुलीत घाला. लोंबती वायर पोरगं वढणारच, आन् वरनं तापलेली इस्त्री डोस्क्यात. इस्त्री त्या वरच्या सॉकेटावर करायची. झाली की लगेच वायर गुंडाळून फळीवर." टेबलदिव्याची उसवलेली वायर तेवढी कापून टाकली. मी म्हणालो, "पट्टी गुंडाळली तरी चाललं असतं." ते म्हणाले, "पोराच्या दातांपुढं पट्टी टिकत न्हाई." उरलेला चांगला तुकडा आखूड झाला होता. तो त्यांनी टेबलाच्या मागच्या पायाला फितीनं जागोजाग बांधला, आणि टेबल भिंतीला असं चिकटवलं की मागे हात जाणार नाही.

मग त्यांनी फ्यूज परत बसवला, वीज चालू केली आणि पिशवीतून एक होल्डर काढला. त्यात दिवा होता आणि त्याला दोन वायरी. एक वायर मीटरखालून जमिनीत गेलेल्या अर्थिंगच्या तारेला लावली, दुसरी माजघरातल्या सॉकेटच्या एका भोकात. त्या सॉकेटचं बटण बंद होतं. तरी दिवा लागला.

"बटण बंद आहे ना?" चंद्रानं विचारलं.

"व्हय. पर बसवणाऱ्यानं बटण उलट्या तारेवर बसवलंय. बंद केलं की रेडिओ बंद पडंल, दिवा बंद पडंल. पर भोकात वीज हाय तशीच ऱ्हाती. तुमाला वाटतं निजली, आन् ती जागीच."

चंद्राचा चेहरा उतरला. ती दुपारी त्याच भिंतीपाशी सयाजीला अंथरुणावर टाकत असे आणि बटण बंद केलंय या भरवशावर स्वयंपाकघरात जात असे. 

त्यांनी पुन्हा मेन पाडून बटणातल्या तारा बदलल्या, वीज चालू करून परत तो दिवा लावून बघितला. या वेळी तो लागला नाही. पण हा सॉकेट वर घेता येईना. त्याची वायर खालून, भिंतीच्या पायथ्यानं आली होती. वर न्यायची तर दहा फूट नवी वायर हवी आणि ती नव्हती. भोकात लाकडाच्या खुंट्या ठोकून टाका, असं मी सुचवलं. ते मान हलवत म्हणाले, "वली झाली की लाकूड वीज सोडतं. आन् खुंटी तुमीच एक दिवस काढणार, ठेवणार खाली, पोरगं घालणार तोंडात." दुसऱ्या दिवशी ते वाळक्या सागवानाची एक पेटी घेऊन आले. सॉकेट आणि बटण दोन्ही आत जातील एवढी. तिला वरून बिजागरीचं झाकण आणि कडी. कडी इतकी घट्ट की मला अंगठा लावून उचलावी लागे. आत काही खोचलेलं असेल तर झाकण बसायचंच नाही.

"ते मुद्दाम तसं केलंय," ते म्हणाले. "झाकण बसत नसंल तर समजायचं, आत कायतरी ऱ्हायलंय. काढा आन् लावा."

जाताना त्यांनी चंद्राला मेन स्विचपाशी नेलं. खाली एक स्टूल ठेवायला लावलं, तिला त्यावर चढवून दांडा तीनदा खाली ओढायला लावला. "कुणाला वीज धरली तर त्येला हात लावायचा न्हाई, वैनी. आपलंच असलं तरी. आधी ह्ये वढायचं. फ्यूजवर इसंबू नका, फ्यूज घर वाचवतो, माणूस न्हाई." मला दाखवू लागले तर मी म्हणालो, मला ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर पीरमहंमदभाई आमच्याकडे येत जात राहिले. रस्त्यानं जाताना हाक मारून पेटीची कडी बघून जायचे. मी कुचेष्टेनं त्यांना "रांगणारे वायरमन" म्हणायचो आणि कचेरीतल्या लोकांना त्यांची नक्कल करून दाखवायचो. नंतर कळलं की सांगलीत ज्या ज्या घरी ते दिवा जोडायला जात, तिथे पहिला प्रश्न हाच असे, की रांगतं कुणी आहे का. असेल तर सॉकेट आखडून वर, लोंबतं ते बांधून, नाहीतर पेटी. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको रहिमतबी चंद्राला एकदा म्हणाली होती, दुसऱ्यांची पोरं मोजतच ह्येंचा जन्म चाललाय.

भाद्रपदात गौरी आल्या. दर वर्षीप्रमाणं माझी थोरली बहीण साळूबाई, आमची आक्का, फलटणहून आली. आक्काच्या तोंडाला मीच काय, आमचे वडीलही घाबरत. गौरी माजघरात बसायच्या. शेजारच्यांच्या मखराला रंगीत दिवे होते, म्हणून आक्कानं आपल्या मखरालाही हवेत असा हट्ट धरला. चंद्रानं पीरमहंमदभाईंना निरोप धाडला. ते गौरीच्या जेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी दिव्यांची माळ घेऊनच आले. तुकडे जोडून जोडून, प्रत्येक जोडाला कथलाचा डाग देऊन, वर काळी पट्टी घट्ट गुंडाळून बनवलेली. सोप्याच्या पायरीवर ते उभे राहिले आणि आक्का दारात आडवी झाली.

"गौरीच्या खोलीत मुसलमान माणूस न्हाई चालायचा," ती मला म्हणाली. त्यांच्यादेखत.

चंद्रा म्हणाली, "आवं आक्का, चार महिने ते त्याच खोलीत येत्यात."

आक्का म्हणाली, "तवा गौरी न्हवत्या."

त्या वेळी मी काय करायला हवं होतं, ते मला तेव्हाही कळत होतं. बांधावर दोन भावांना समजावताना माझी जीभ तासभर थांबत नसे. तिथे ती टाळ्याला चिकटली. मी पायरीशी गेलो आणि म्हणालो, "भाई, गौरी उठल्यावर या." ते हसले. राग नव्हता त्या हसण्यात, आणि असता तर मला बरं वाटलं असतं. माळ माझ्या हातात देऊन म्हणाले, "मी न्हाई तर न्हाई. पर ऐका. सोप्यातल्या वरच्या सॉकेटावरनंच घ्या. वायर दारावरनं, तुळईच्या कडेनं न्या. पुरंल, मापून आणलीय. जमिनीवरनं न्हेऊ नका, आन् नवा जोड देऊ नका. खालच्या पेटीला हात लावू नका."

मी सगळं ऐकलं. पण सोप्यातल्या सॉकेटवर माझा रेडिओ होता. हळदीकुंकवाला बायका येणार, त्यांनी रेडिओ ऐकला पाहिजे ही माझी हौस. म्हणून मी माळ माजघरातल्या पेटीवर घ्यायची ठरवली. पेटी मखराच्या अगदी मागे. आत प्लग खोचला की झाकण उघडंच राहायचं आणि मखराला अडायचं. मी स्क्रू पिळून झाकण काढून ठेवलं. दोनच स्क्रू. मग मखर तिथून पुढे सरकवलं आणि माळ हातभर कमी पडली. तेव्हा टेबलाच्या दिव्याची बांधलेली वायर सोडून तिचा तुकडा घेतला आणि तारांना पीळ देऊन माळेला जोडला. काळी पट्टी नव्हती. चंद्राच्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. तो जोड चटईखाली सरकवला, दिवे लावले आणि आक्काला म्हणालो, बघ, वायरमनवाचून काही अडलं नाही.

गौरीच्या जेवणाचा दिवस. दुपारी बायका सोप्यात बसल्या होत्या, चंद्रा माजघरात ओटीची ताटं भरत होती. मी माजघराच्या दारात पान लावत उभा होतो. सयाजी आता धरून धरून चालत होता. तो मखरापाशी बसला. लाल दिव्याकडं बघत त्यानं चटईचं टोक उचललं, खालची वायर दोन्ही हातांनी ओढली आणि चिंधी सुटली.

तो ओरडला नाही. त्याचं अंग ताठ झालं आणि तोंडातून बारीक आवाज येऊ लागला. मी जागचा हललो नाही. धावून त्याला धरावं एवढीही अक्कल नव्हती आणि न धरता काय करावं हेही माहीत नव्हतं. पान हातातच होतं. चंद्रानं माझ्याकडं एकदा बघितलं, ताट टाकलं, मी धावतोय की नाही याची वाट न बघता ती सोप्यात गेली, स्टुलावर चढली आणि दांडा ओढला. रेडिओ बंद पडला आणि सयाजी आडवा झाला. मग तो रडला. त्या रडण्याइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही.

मिरजेच्या दवाखान्यात त्याला चोवीस दिवस ठेवावं लागलं. जीव वाचला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट मात्र आतपर्यंत भाजलं होतं. ती दोन बोटं आखडली, ती आखडलीच.

खोटं मी पहिल्याच संध्याकाळी बोललो. कपडे न्यायला म्हणून मी एकटा घरी आलो, माळ आणि तो तुकडा ओढून काढला आणि परड्यातल्या उकिरड्यात पुरला. झाकण पुन्हा बसवलं. दवाखान्यात परत गेलो तर चंद्रानं विचारलं, "जोड कसा सुटला?" नुसतं एवढंच. मी दिला, असं म्हणायला दोन शब्द लागले असते. मी म्हणालो, "माळेतला होता. भाईंनी दिलेला." आक्का लगेच म्हणाली, "मी म्हटलंच हुतं." माझं काम तिनंच पुरं केलं.

तिसऱ्या दिवशी पीरमहंमदभाई आले. डोक्याला रुमाल, हातात पिशवीभर मोसंबी. खाटेपाशी न येता दाराशीच थांबले. चंद्रा त्यांना बघून उठली आणि म्हणाली, "चाचा, लय इस्वास हुता तुमच्यावर. तुमच्या जोडानं माझं लेकरू जाळलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सयाजीच्या पट्टीकडं बघत राहिलो.

"कुठला जोड?" त्यांनी हळूच विचारलं. "मला बघू द्या ती माळ."

"फेकून दिली," मी म्हणालो.

ते बराच वेळ बोटं मोजत उभे राहिले. माळेत नऊ जोड होते, ते एकेक आठवत असावेत. मग म्हणाले, "सातव्याला पट्टी जुनी हुती. लढाईआधीची. मला वाटलं धरंल."  माझ्या चुकीला त्यांनी स्वतःच्या कामात जागा शोधून दिली, आणि मी ती घेतली. माळेला वीज कुठून घेतली, झाकण कुणी काढलं, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मोसंबी खाली ठेवून ते गेले. पुढच्या महिन्यात ते सांगली सोडून मिरजेला गेल्याचं आणि विजेचं काम सोडल्याचं कळलं. कचेरीत मी त्यांची नक्कल करणं बंद केलं. माझं प्रायश्चित्त तेवढंच.

अठ्ठेचाळीसला संस्थान विलीन झालं आणि माझी बदली साताऱ्याला झाली. तिथल्या घरातही सॉकेट खालीच होते. एकोणपन्नासच्या सुरवातीला धाकटी मुलगी रांगू लागली, तेव्हा मीच मेन पाडून, फ्यूज खिशात टाकून, एका सुट्टीत सगळं केलं. वायर आखडून सॉकेट वर घेतला, लोंबतं ते बांधलं, एका ठिकाणी पेटी केली. चंद्रा शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "तुमी केलेलं बरं. त्या मोमीनासारख्याच्या हाती न्हाई द्यायचं." स्क्रू पिळता पिळता माझा हात थांबला. पाटीवर सयाजी तीन बोटांत पेन्सिल धरून अक्षर गिरवत होता, ते अक्षर एका बाजूला कलत होतं. तेव्हाही मी चंद्राला काही सांगितलं नाही. पण निदान त्या माणसाला तरी सांगायचं, एवढं ठरवलं.

गेल्या महिन्यात मिरजेला गेलो. पीरमहंमदभाईंचं घर विचारत विचारत सापडलं. ते ओट्यावर बसून एका स्टोव्हची नळी साफ करत होते. भोवती कुलपं, छत्र्या, पिचकलेली भांडी. दाढी पूर्ण पांढरी. मला ओळखलं आणि पहिला प्रश्न केला, "सयाजी कसा हाय? बोटं हलत्यात?"

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. झाकण मी काढलं. जोड मी दिला. चिंधी गुंडाळली. तुमच्या माळेला काही झालं नव्हतं, सातवा जोड शाबूत होता, मी माझ्या हातांनी पुरला. मला वाटलं होतं ते ओरडतील, नाहीतर रडतील, नाहीतर मोठ्या मनानं सोडून देतील. तिन्हींसाठी मी तयारी करून गेलो होतो.

त्यांनी स्टोव्ह खाली ठेवला. हात पुसले. हात उलटसुलट करून बघितले.

"तीन वर्सं," ते म्हणाले. "तीन वर्सं ह्यो हात वायरीला लावला न्हाई, नानासो. भ्या वाटायचं."

"माझं चुकलं," मी म्हणालो. "माफी मागायला आलोय."

"माझी कशाला मागता? माझं काय गेलं? वायरी गेल्या, स्टोव्ह आले." त्यांनी शेजारच्या घराकडं मान वळवली. निळं दार होतं, दाराला तोरण वाळलेलं. "तिथं हरिबा ऱ्हातो. त्येची बायको शालूबाई. गेल्या साली नवी वीज घेतली, सॉकेट खाली बसवला फिटिंगवाल्यानं. पोरगी रांगत हुती. शालूबाई माझ्या दारात दोनदा आली. चाचा, तुमी पयलं वायरमन हुता म्हणं, येवढं वर घेऊन द्या. मी म्हटलं, बाई, माझ्या हातात आता राम ऱ्हायला न्हाई, दुसरा बघ. अर्ध्या तासाचं काम हुतं. वायर वरनंच आलेली, मी बघितली हुती."

त्यांनी स्टोव्हची नळी उचलली आणि परत खाली ठेवली.  

"दुसरा आलाच न्हाई," ते म्हणाले. "आता दोन वर्सांची असती."

रहिमतबी आतून चहा घेऊन आली. मी तो घेतला नाही. पीरमहंमदभाईंनी पुन्हा स्टोव्ह मांडीवर ओढला. मान वर न करता म्हणाले, "माफी तिकडं मागा. सांगा तिला, मोमीनाच्या हातानं काय चुकलं न्हवतं, तुमच्या बोलण्यानं ह्यो हात भ्याला म्हणून. तिला वाटतं मी आळसानं आलो न्हाई."

मी वळलो. चार पावलांवर ते दार. मी कडी वाजवली. पंचविशीची एक बाई बाहेर आली, हाताला पीठ लागलेलं. आतली भिंत मला दिसत होती. जमिनीपासून वीतभर उंचीवर सिमेंटनं बुजवलेला एक चौकोन होता, त्याला अजून रंग लावलेला नव्हता.

"कोण पायजे?" तिनं विचारलं.

सगळी वाक्यं तयार होती. वाटेत गाडीत मी ती घोकली होती, फक्त माणूस दुसरा होता. तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "ते मोमीन वायरमन कुठं राहतात?"

तिनं पिठाच्या हातानं शेजारचा ओटा दाखवला. "ह्ये काय, हितंच. पर ते विजेचं काम घेत न्हाईत आता." मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, "घरात रांगतं हाय व्हय तुमच्या?"

मी होय म्हणून मान डोलावली.

"मग सोडू नका त्यांस्नी," ती म्हणाली. "पाय धरा, पर घेऊन जावा. माझं नाव सांगा. शालूबाईनं धाडलंय म्हणावं."

मी बरं म्हणालो आणि ओट्याकडं न बघता स्टेशनाच्या रस्त्याला लागलो.